मूळमातेपर्यंतचं अंतर

त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात, मग आडनाव. आतून एक जुनी वही येते, पानं उलटली जातात आणि आपले पणजोबा कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होतं, हे समोर वाचून दाखवलं जातं. कधी असं होतं की एकाच आडनावाची, एकमेकांना अजिबात न ओळखणारी दोन कुटुंबं एकाच दिवशी तिथे बसलेली असतात. दोघांच्या ओळी मागे मागे जातात आणि एका नावापाशी मिळतात. 'अहो, मग तुम्ही आमच्या भावकीतलेच!' तो शेवटचा समान पूर्वज म्हणजे त्या दोघांचा मूळपुरुष.

त्या वहीला एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो मूळपुरुष किती पिढ्या मागे सापडला? दहा-बारा उंबऱ्यांच्या वाडीतली कुठलीही दोन माणसं घेतली, तर तो तीन-चार पिढ्यांतच भेटेल. मोठ्या गावात पुष्कळ मागे जावं लागेल. हेच उलट्या बाजूने पाहिलं, तर एक विलक्षण शक्यता दिसते. गाव किती मोठं होतं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण दोन माणसांपासून त्यांच्या मूळपुरुषापर्यंतचं अंतर ठाऊक आहे, तर त्या अंतरावरूनच गावाचा आकार काढता येईल.

लोकसंख्येच्या अनुवंशशास्त्रातला हा विचार १९८२ साली जॉन किंगमन या ब्रिटिश गणितज्ञाने नीट सूत्रात बांधला आणि त्याला कोअलेसंट हे नाव दिलं. कोअलेस म्हणजे मिळून एक होणं. आपण काळाच्या प्रवाहाविरुद्ध चालू लागतो, तेव्हा वेगवेगळ्या दिसणाऱ्या वंशरेषा एकेका ठिकाणी मिळत जातात, म्हणून मी इथे त्याला संगम म्हणेन. त्याच १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर बंदी घालायचा निर्णय घेतला. या दोन घटनांचा त्या वेळी एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढे २००३ साली जुळला, आणि त्यातून जो वाद उभा राहिला त्याच्याइतकं ही पद्धत समजावून सांगणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

वाद साधा होता. माणसाने शिकार सुरू करण्याआधी उत्तर अटलांटिक महासागरात हंपबॅक देवमासे किती होते? हंपबॅक म्हणजे लांबच लांब पंख असलेला, पाण्याबाहेर उसळी मारणारा, गाण्यासाठी प्रसिद्ध असलेला देवमासा. शिकारी जहाजांच्या रोजनिशींमध्ये किती मारले याच्या नोंदी होत्या. त्यांची बेरीज करून आणि देवमासे वर्षाला किती वाढू शकतात याचा हिशेब लावून उत्तर येत होतं सुमारे २० हजार. १९९०च्या दशकातल्या मोजणीत १० हजारांहून थोडे अधिक हंपबॅक तिथे असल्याचं दिसलं होतं. आयोगाच्या वैज्ञानिक पद्धतीनुसार देवमाशांची संख्या मूळ पातळीच्या ५४ टक्क्यांच्या खाली असेल तर शिकारीचा कोटा शून्य. वीस हजारांचे ५४ टक्के म्हणजे १० हजार ८००. म्हणजे उंबरठा अगदी जवळ आला होता, आणि भूतकाळातल्या एका आकड्यावर पुढच्या हार्पूनचा निर्णय टांगलेला होता.

जो रोमन आणि स्टीफन पालुंबी या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी जहाजांच्या वह्या बाजूला ठेवल्या आणि देवमाशांच्या शरीरातली वही उघडली. त्यांनी काय केलं ते पायरीपायरीने पाहू.

आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाचे छोटे घटक असतात आणि त्यांना स्वतःचा थोडासा डीएनए असतो. तो फक्त आईकडून येतो. म्हणजे इथे मूळपुरुषाऐवजी मूळमाता शोधायची. समजा, समुद्रात दर पिढीत १,००० माद्यांची वीण आहे आणि प्रत्येकीला पिल्लं होण्याची संधी सारखीच आहे. आजचे कुठलेही दोन देवमासे घ्या. दोघांची आई एकच असण्याची शक्यता हजारात एक. आई एक नसेल, तर आजी एक असण्याची शक्यता पुन्हा हजारात एक. प्रत्येक पिढीत हजार तोंडांचा फासा टाकावा, तसं हे आहे. सहा तोंडांच्या फाशावर षटकार पडायला सरासरी सहा फेकी लागतात, तशा इथे सरासरी १,००० पिढ्या लागतील. मूळमाता सरासरी जितक्या पिढ्या मागे, तितक्या माद्या त्या समुद्रात होत्या. सगळ्या पद्धतीचा कणा एवढाच आहे.

पण देवमाशांचे तीर्थोपाध्याय नाहीत. पिढ्या मोजायच्या कशा? इथे डीएनएच्या नकलेतल्या चुका उपयोगी पडतात. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, आणि आईकडून पिल्लाकडे जाताना त्यात क्वचित एखादं अक्षर बदलतं. चुकीचा वेग बऱ्यापैकी स्थिर असेल, तर दोन मजकुरांत जितकी अक्षरं वेगळी, तितका काळ त्यांना वेगळं होऊन झाला.

रोमन आणि पालुंबी यांनी शंभराहून अधिक हंपबॅकच्या मायटोकॉन्ड्रियातला एक चटकन बदलणारा तुकडा वाचला. त्यांच्या हिशेबात फरकाचं माप आलं दर १०० अक्षरांमागे साधारण २.१६. चुकीचा वेग त्यांनी धरला होता १० कोटी अक्षरांमागे वर्षाला दीड ते दोन. मधला पावणेदोन घेऊ. दोन रेषा मूळमातेपासून वेगवेगळ्या चालल्या, दोन्हींवर चुका साठत गेल्या, म्हणून मिळून वर्षाला साडेतीन. शंभराला २.१६ म्हणजे १० कोटींना २१ लाख ६० हजार. त्याला साडेतीनने भागलं की ६ लाख १७ हजार वर्षं. हंपबॅकची एक पिढी सुमारे १८ वर्षांची धरली, तर या झाल्या ३४ हजार पिढ्या. म्हणजे ३४ हजार माद्या.

या ३४ हजारांना म्हणतात प्रभावी संख्या. खऱ्या समुद्रात सगळ्यांना सारखी संधी नसते. काही माद्यांना पुष्कळ पिल्लं होतात, काहींना एकही नाही. त्यामुळे वंशरेषा अपेक्षेपेक्षा लवकर मिळतात. ज्या आदर्श, सर्वांना समान संधी असलेल्या कळपात वंशरेषा इतक्याच वेगाने मिळाल्या असत्या, त्या कळपाचा आकार म्हणजे प्रभावी संख्या. डोकी मोजून येणारा आकडा बहुधा त्याहून मोठाच असतो. आज आपण माणसं ८०० कोटींवर आहोत, पण आपल्या जनुकांतला फरक पाहून निघणारी प्रभावी संख्या १० हजारांच्या आसपास आहे. आपण फार अलीकडे आणि फार झपाट्याने वाढलो, हे त्यातून दिसतं.

प्रभावी संख्येवरून खऱ्या डोक्यांकडे येण्यासाठी रोमन-पालुंबींनी तीन गुणाकार केले. नर धरून दुप्पट, म्हणजे ६८ हजार. सगळ्याच प्रौढांचा वंश पुढे जात नाही म्हणून आणखी दुप्पट, १ लाख ३६ हजार. आणि अजून वयात न आलेल्या पिल्लांसाठी पावणेदोन पटीच्या आसपास. उत्तर आलं सुमारे २ लाख ४० हजार. रोजनिशींच्या बारा पट! या आकड्याचे ५४ टक्के म्हणजे जवळपास १ लाख ३० हजार. मग १० हजारांवरचा कळप उंबरठ्याच्या जवळपासही नव्हता.

हा निबंध 'सायन्स' नियतकालिकात आला आणि खळबळ माजली. काहींना वाटलं, शिकाऱ्यांनी खोट्या नोंदी केल्या असणार. तसं घडलेलंही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात ४८ हजारांहून अधिक हंपबॅक मारले आणि कळवले सुमारे २,७००. शिवाय हार्पून लागून बुडालेले, हाती न आलेले देवमासे अनेकदा कुठल्याच वहीत चढत नसत. पण वहीत घोळ आहे म्हटल्यावर दुसऱ्या वहीत तो नसेलच, असं होत नाही. डीएनएच्या वहीलाही कान लावून ऐकावं लागतं.

पहिला प्रश्न काळाचा. शिकारीने कळप उद्ध्वस्त केल्यावर उरलेल्यांच्या डीएनएत जुनी संख्या कशी दिसेल? इथे कोअलेसंट विचार फार सुंदर उत्तर देतो. जोराच्या शिकारीची दोनशे वर्षं म्हणजे देवमाशांच्या जेमतेम अकरा पिढ्या. समजा, त्या काळात फक्त ५०० माद्या उरल्या होत्या. मग दोन वंशरेषा त्या अकरा पिढ्यांत मिळण्याची शक्यता शंभरात दोन. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जोड्या त्या अरुंद बोळातून न भेटताच मागे, जुन्या मोठ्या समुद्रात जातात. म्हणून वाचलेल्या थोड्या देवमाशांमध्येही मेलेल्यांच्या गर्दीची साक्ष शिल्लक असते.

पण हेच बळ त्याची मर्यादाही ठरतं. ३४ हजार पिढ्यांवर पसरलेलं हे माप अमुक एका सालाचं नसतं. ते सहा लाख वर्षांची सरासरी आहे आणि त्या काळात कितीतरी हिमयुगं आली-गेली. तीही साधी सरासरी नाही. दहा पिढ्यांपैकी नऊ पिढ्यांत १० हजार प्राणी होते आणि एकाच पिढीत १००, तर साधी सरासरी नऊ हजारांवर येते. पण वंशरेषांना जाणवणारी प्रभावी संख्या येते सुमारे ९१७. वाईट काळात रेषा भराभर मिळून जातात, म्हणून त्या काळाचं वजन जास्त पडतं. तेव्हा २ लाख ४० हजार हा आकडा, बरोबर असता तरी, 'इसवी सन १७०० साली इतके होते' असं सांगत नव्हता.

दुसरा प्रश्न नशिबाचा. षटकार सरासरी सहा फेकींनी पडतो, पण एखाद्या खेळात तो पहिल्याच फेकीला पडतो आणि एखाद्यात विसाव्यालाही पडत नाही. संगमाच्या काळातली ही चढउतार जवळजवळ सरासरीइतकीच मोठी असते. मग जास्त देवमासे तपासले की ती कमी होईल? फारशी नाही, आणि हे मला या गणितातलं सर्वांत अनपेक्षित सत्य वाटतं. दहा देवमासे घेतले, तर त्यांच्या रेषांच्या ४५ जोड्या होतात, त्यामुळे कुठली ना कुठली जोडी लगेच मिळते; मग नऊ रेषा, मग आठ. गर्दी ओसरते आणि शेवटच्या दोन रेषा एकमेकींना शोधत एकट्या चालत राहतात. झाडाच्या एकूण उंचीतला सरासरी निम्म्याहून अधिक काळ या शेवटच्या दोघींचाच असतो. दहा देवमाशांत झाडाची ९० टक्के उंची सापडते. शंभर घेतल्यावर ती ९९ टक्के होते, बस. मायटोकॉन्ड्रियाचा सगळा डीएनए एकाच आईच्या ओळीने जातो, म्हणून तो कितीही वाचला तरी एकच झाड, एकच फेक. नशिबाचा परिणाम कमी करायचा तर गुणसूत्रांवरची वेगवेगळी जनुकं वाचावी लागतात. प्रत्येक जनुकाची वंशावळ वेगळी असते, म्हणून प्रत्येक जनुक फाशाची नवी फेक ठरतं.

तिसरा प्रश्न पाहुण्यांचा. हिशेबाने समुद्र बंदिस्त धरला आणि एखादी मादी दक्षिण गोलार्धातून उत्तर अटलांटिकमध्ये आलेली असली, तर तिची आणि स्थानिक मादीची रेषा त्या पाहुणीच्या प्रवासाआधी मिळूच शकत नाही. दोघींतला फरक भरपूर दिसतो आणि कळप होता त्याहून मोठा वाटतो. गावात दुरून आलेली सून धरून भावकी मोजावी, तसं. हे ओळखायची खूण अशी की तिची फांदी झाडात शेजाऱ्यांपाशी न बसता दुसऱ्या महासागरातल्या देवमाशांपाशी जाऊन बसते. म्हणून जगभरचे नमुने बरोबर ठेवूनच एका समुद्राचा हिशेब करावा लागतो.

२०१३ साली क्रिस्टन रूग, पालुंबी आणि सहकाऱ्यांनी हे दोन्ही केलं. गुणसूत्रांवरची अनेक जनुकं आणि विस्तृत प्रदेशातले नमुने घेतले, प्रत्येक गृहीतकातली अनिश्चितता हिशेबात धरली. आकडा उतरला १ लाख १२ हजारांवर, आणि त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की खरा आकडा ४५ हजार ते २ लाख ३५ हजार यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. तरीही रोजनिशींच्या तेव्हाच्या अंदाजांच्या दोन-तीन पट.

चौथा प्रश्न घड्याळाचा होता आणि खरी गाठ तिथेच होती. वर्षाला पावणेदोन चुका, हे कुठून आलं? देवमाशांच्या दोन जाती जीवाश्मांनुसार किती कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या ते घ्यायचं, त्यांच्या डीएनएतले फरक मोजायचे आणि भागाकार करायचा. पण चटकन बदलणाऱ्या तुकड्यात इतक्या काळात एकच अक्षर तीनदा-चारदा बदलतं. दिवाळीला दरवर्षी रंग दिलेल्या भिंतीवर फक्त शेवटचा रंग दिसतो, खालचे किती होते ते कळत नाही. त्यामुळे चुका प्रत्यक्षात असतील त्याहून कमी मोजल्या जातात, घड्याळ संथ ठरतं आणि संथ घड्याळ मूळमातेला खूप मागे ढकलतं. मूळमाता मागे गेली की कळप फुगतो. पालुंबींनीच २००९ साली एलिझाबेथ ऑल्टर यांच्याबरोबर हे तपासलं आणि या तुकड्याचा वेग आधी धरला होता त्याहून जास्त असल्याचं मांडलं. आपल्याच गाजलेल्या आकड्याचा पाया पुन्हा खणून पाहायची ही वृत्ती मला मोलाची वाटते.

मग २०२३ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले मार्कोस सुआरेझ-मेनेंडेझ, पेर पाल्सबोल आणि सहकारी सरळ खऱ्या वंशावळीकडे वळले. देवमाशांच्या कातडीचा नखाएवढा तुकडा क्रॉसबोमधून सोडलेल्या बाणाने घेता येतो आणि अशी वर्षानुवर्षांची साठवण संशोधकांकडे होती. तिच्यातून त्यांनी आई, बाप आणि त्यांचं पिल्लू अशी कुटुंबं ओळखली. चार जातींच्या देवमाशांत, आईबापांत नाही आणि पिल्लात आहे असं अक्षर किती वेळा दिसतं, ते प्रत्यक्ष मोजलं. मध्ये जीवाश्म नाहीत, कोट्यवधी वर्षं नाहीत. वेग आधीच्या अंदाजांपेक्षा खूपच जास्त निघाला. त्यांच्या मते डीएनएवरून काढलेले शिकारीपूर्व आकडे सुमारे ८६ टक्क्यांनी खाली यायला हवेत, म्हणजे जवळपास सातवा भाग.

आपलं वरचं गणित सातपट वेगाच्या घड्याळाने पुन्हा करून पाहा. सहा लाख वर्षांची होतात ८८ हजार, ३४ हजार पिढ्यांच्या ४,९००, आणि २ लाख ४० हजार देवमाशांचे ३४ हजार. वीस वर्षं एकमेकांशी भांडणाऱ्या दोन वह्या एका पंक्तीला येऊन बसतात.

तरी मी इथे पूर्णविराम देणार नाही. आई-पिल्लात दिसणारी प्रत्येक चूक टिकत नाही. ज्या चुकांनी थोडं नुकसान होतं, त्या पुढच्या पिढ्यांत गळून जातात. त्यामुळे एका पिढीत मोजलेला वेग हजारो पिढ्यांवर जसाच्या तसा लावला, तर घड्याळ आता जरा जास्तच पळतं आणि कळप असेल त्याहून लहान दिसतो. जीवाश्मांचं घड्याळ एका बाजूला चुकतं, कुटुंबांचं दुसऱ्या बाजूला. खरी संख्या या दोन टोकांच्या मध्ये, आणि माझ्या मते दुसऱ्या टोकाच्या पुष्कळ जवळ असावी.

हे सगळं अटलांटिकचं. पण हंपबॅक आपल्या अरबी समुद्रातही आहेत, आणि इतर हंपबॅकसारखे ते ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत. वर्षभर इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीच्या छायाचित्रांवरून केलेल्या मोजणीत त्यांचा अंदाज निघाला अवघा ८२. सोव्हिएत जहाजांनी १९६०च्या दशकात याच समुद्रात २४२ हंपबॅक मारले होते. २०१४ साली क्रिस्टिना पोमिला आणि सहकाऱ्यांनी त्यांचा डीएनए इतर महासागरांतल्या हंपबॅकशी ताडून पाहिला, तेव्हा हा कळप सुमारे ७० हजार वर्षं एकटा पडल्याचं दिसलं. त्या ७० हजारांमागेही चुकांच्या वेगाचं गृहीतक आहेच, आणि वेग वाढवला तर तो काळही अलीकडे सरकेल. ओमानमध्ये उपग्रहाची खूण लावलेली लुबान नावाची मादी २०१७च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळून दक्षिणेकडे गेली. ८२ जणांच्या कळपात तिच्या आणि दुसऱ्या कुठल्याही मादीच्या पिल्लांच्या रेषा यापुढे फार लवकर मिळतील.